क्रिएटिनिन १.३ आणि गुडघ्याची ‘साधी’ गोळी

*डॉक्टर, माझं वय ७२, वजन ६६ किलो, राहायला नौपाड्यात. मे महिन्यात लॅबचं पॅकेज केलं. रात्री आठला जेवून, सकाळी तलावपाळीला पाच फेऱ्या मारून साडेनऊला रक्त दिलं. उपाशीपोटी सांगितलं होतं म्हणून पाणीही घेतलं नाही. क्रिएटिनिन १.३ आलं, त्यापुढे ठळक ‘एच’. ईजीएफआर ५८. गेल्या वर्षी क्रिएटिनिन १.१ होतं. उपाशीपोटीची साखर ११४, एचबीएवनसी ६.२. बीपीची टेल्मिसार्टनची गोळी आठ वर्षं चालू आहे, त्यातच लघवी जास्त होण्याचं औषधही आहे. बाकी काही नाही. गुडघ्यासाठी तीन महिने केमिस्टकडची एक साधी गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो, एवढंच. सूनबाईने वरण आणि बटाटा बंद केलाय. शेजारचे म्हणतात दिवसाला चार लिटर पाणी प्या, नाहीतर डायलिसिस. मला किडनीचा आजार झाला का? डायबेटिस झाला का? आषाढीला मंडळाबरोबर बसने पंढरपूरला जायचं आहे, जाऊ ना?*
– एक वाचक, ठाणे

नमस्कार काका,

डायलिसिसची गोष्ट आधी मिटवून टाकू. ईजीएफआर १५च्या खाली गेला म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली असं आम्ही म्हणतो, आणि डायलिसिस बहुतेक वेळा त्याहूनही खाली, त्रास दिसू लागल्यावर सुरू होतं. तुम्ही ५८वर आहात. मधुमेहही झालेला नाही. पण म्हणून रिपोर्ट घडी करून कपाटात टाकू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो ‘एच’ नाही, तर ‘एवढंच’ हा शब्द.

गोळीकडे येण्याआधी आकडा कसा वाचायचा ते सांगतो. आपले स्नायू दिवसभर काम करतात आणि त्यातून थोडा कचरा पडतो, तो क्रिएटिनिन. मूत्रपिंडं तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. सोसायटीच्या गेटपाशी कचऱ्याचा डबा भरलेला दिसला तर दोनच शक्यता असतात: एक तर कचरा जास्त पडला, नाहीतर घंटागाडीच्या फेऱ्या कमी झाल्या. नुसता डबा बघून त्यातलं काय घडलं ते कळत नाही. आदल्या रात्री मटण झालं असेल तरी क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, कारण शिजवलेल्या मांसातून ते थेट पोटात जातं. अंगात पाणी कमी असेल तरी वर दिसतं. मे महिन्यातलं ठाणं, तेरा तासांहून जास्त वेळ पाण्याचा घोट नाही, वर तलावपाळीच्या पाच फेऱ्या, घामाने शर्ट भिजलेला: अशा अवस्थेत कुणीही रक्त दिलं तरी हा आकडा एखाद्या टिचकीने वर सरकेल. उपाशीपोटी म्हणजे अन्न नको, साधं पाणी चालतं. खरं तर हे रक्त घेणाऱ्या मुलाने तुम्हाला सांगायला हवं होतं.

ईजीएफआर म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून सूत्राने काढलेला अंदाज. मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्त स्वच्छ करतात, ते तो सांगतो. तरुणपणी तो शंभराच्या आसपास किंवा वर असतो आणि चाळिशीनंतर वर्षाला साधारण एकेक करत उतरतो. म्हणजे तुमच्या वयाला सत्तर-बहात्तर असणं यात काही वावगं नाही. गेल्या वर्षीच्या १.१वरून हिशेब केला तर तुमचा ईजीएफआर ७२च्या आसपास येतो, आणि या वर्षी ५८. मधल्या १.२ला तो ६४ असता. क्रिएटिनिनमध्ये दशांशाचा एक ठिपका हलला की इकडे सहा-सात अंक हलतात. त्यामुळे एका रिपोर्टवर मी कुणालाही किडनीचा आजार लावत नाही. हा अंक ६०च्या खाली राहणं किंवा लघवीतून प्रथिनं जाणं, यांपैकी काही तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर तसं म्हणायचं असा नियम आहे. तुमच्याकडे सध्या एकच दिवस आहे, आणि तोही कोरड्या घशाचा.

‘एच’बद्दलही थोडं सांगतो. तो लॅबच्या संगणकाने छापलेला असतो, तुम्हाला न बघता. माझ्याकडे कळव्याच्या एक आजी येतात, वय ६८, अंगाने अगदी काटकुळ्या. त्यांचं क्रिएटिनिन १.१ होतं, पुढे ना ‘एच’, ना तारा, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण मुळात स्नायूच कमी, त्यामुळे कचराही कमी. त्यांचा ईजीएफआर निघाला ५५च्या आत-बाहेर, म्हणजे तुमच्याहून कमी. म्हणून रिपोर्टवर ठळक काय छापलंय ते न बघता गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. तुम्ही गेल्या वर्षीचा आकडा लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. अर्धं काम त्यानेच झालं.

आता गुडघ्याची गोळी. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण केमिस्ट गुडघ्याला जे देतो त्यात बहुतेक वेळा एसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असतं, कधी आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिब. अनेकदा त्याच गोळीत पॅरासिटॅमॉलही मिसळलेलं असतं, म्हणून लोक तिला तापाच्या गोळीसारखी साधी समजतात. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. चष्मा लावून, नाहीतर नातवाच्या मोबाइलवर फोटो मोठा करून ते वाचा. वरच्यापैकी एक जरी नाव सापडलं तरी ती गोळी तुमच्यासाठी साधी नाही. ती मुळातच वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या बीपीच्या गोळीशी तिचं जमत नाही.

का, ते सांगतो. मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आत आणणारा एक नळ आणि बाहेर नेणारा एक नळ. गाळायला दाब लागतो, आणि तो या दोन नळांवर ठरतो: आतला नळ मोकळा असेल आणि बाहेरचा थोडा आवळलेला असेल तर दाब टिकतो. टेल्मिसार्टन बाहेरचा नळ सैल करतं. त्याने गाळणीवरचा ताण उतरतो, म्हणून ते मूत्रपिंडांना लांबच्या हिशेबात चांगलंच असतं. तुमच्या गोळीतलं लघवीचं औषध अंगातलं पाणी आणि मीठ कमी करतं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलीच पातळी उतरते. इथवर शरीर सांभाळून घेतं, कारण पाणी कमी पडतंय असं कळलं की ते आतला नळ जास्त उघडा ठेवतं. दुखण्याची गोळी नेमकं हेच मोडते. गुडघ्याची सूज उतरवताना ती शरीरातला जो पदार्थ अडवते, तोच आतला नळ उघडा ठेवत असतो. मग टाकी अर्धी, आतला नळ आवळलेला, बाहेरचा सैल, असं तिन्ही एकदम होतं. ज्यांच्या इमारतीत उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्यांना ही अवस्था वेगळी समजवायला नको.

एकटी गोळी चार दिवस घेतली असती तर बहुतेक काही झालं नसतं. तुम्ही ती तीन महिने, दिवसातून दोनदा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या दुसऱ्या दोन औषधांवर घेतलीत. १.१चं १.३ होण्याचं हे सगळ्यात पटणारं कारण मला दिसतं, आणि चांगली बाजू ही की गोळी थांबवली की बहुतेकांचा आकडा बराचसा परत फिरतो. या गोळ्यांनी बीपीही चढतं, हे तुमच्यासाठी जादा. तेव्हा आजची संध्याकाळची गोळी घेऊ नका. पण बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती चालूच ठेवा. ‘किडनीला त्रास’ ऐकून लोक नेमकी चुकीची गोळी सोडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मुद्दाम लिहावंसं वाटतं.

गुडघ्याला मग काय? नुसतं पॅरासिटॅमॉल ६५० मिलिग्रॅमची गोळी, दुखेल तेव्हा, दिवसातून जास्तीत जास्त तीन. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखण्याचं जेल वरून चोळलं तर रक्तात फार थोडं जातं, तेही काही दिवस चालेल. खरा उपाय मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंत आहे. खुर्चीत टेकून बसा, एक पाय समोर सरळ करा, पाऊल आपल्याकडे ओढा, पाच आकडे मोजा, हळूच खाली. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. टीव्हीवर बातम्या चालू असताना होण्यासारखं आहे. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी कंटाळून सोडू नका. नाहीच जमलं तर फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा जाऊन शिकून घ्या.

साखरेचं मी मुद्दाम गुडघ्यानंतर घेतलं, कारण ते गुडघ्यालाच बांधलेलं आहे. उपाशीपोटीची साखर १००च्या खाली असली तर निवांत, १२६ किंवा वर असली आणि दुसऱ्यांदाही तशीच आली तर मधुमेह; ११४ मधल्या पट्ट्यात येते. एचबीएवनसीचंही तसंच: ५.७च्या खाली ठीक, ६.५पासून मधुमेह, ६.२ मधल्या पट्ट्यात. लाल रक्तपेशी साधारण चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. किती चिकटली ते ही तपासणी मोजते. म्हणून आदल्या दिवशीचा आंबा तिला फसवत नाही. फसवते ती रक्ताची कमतरता. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्याहून थोडी जास्त दिसू शकते. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन छापलेलं असेल, ते १३च्या खाली असेल तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

६.२ला, वयाच्या ७२व्या वर्षी, मी गोळी देत नाही. या पट्ट्यातली तुमच्या वयाची बरीच माणसं पुढे मधुमेहात जातच नाहीत. त्यांना उपाशी ठेवून वजन उतरवणं मात्र नक्की महागात पडतं, कारण चरबीबरोबर स्नायूही जातात. ६६ किलो ठीक आहे, ते उतरवायला जाऊ नका. चहातली साखर निम्मी करा, चहाबरोबरची बिस्किटं सोडा. साखरेऐवजी गूळ घातला की झालं असं समजू नका, रक्ताला दोन्ही सारखेच. आणि सकाळच्या एका लांब फेरीपेक्षा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, घरातल्या घरात चालेल. जेवणानंतर वर चढणारी साखर तेव्हाच चालते पाय ओढून घेतात. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही खुर्चीत बसून राहिलात तर साखर वाढणार, आणि गोळी घेऊन चाललात तर मूत्रपिंडं कुरकुरणार. मांडीचा व्यायाम मी एवढा लावून धरतोय तो यासाठी.

गुडघ्याच्याच वाटेने साखर वाढण्याच्या आणखी दोन जागा आहेत. गुडघ्यात मारायच्या इंजेक्शनमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं, त्याने साखर काही दिवस चढते. ते घ्यायचं ठरलं तर तुमचा ६.२ आधी सांगा. दुसरं म्हणजे पुडीतल्या सुट्या गोळ्या किंवा ‘एका आठवड्यात गुडघे मोकळे’वाली चूर्णं. त्यांत कधी कधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. फार झपाट्याने आराम पडला तर खूश होण्याआधी शंका घ्या. तुमची गोळी छापील पट्टीतली नसेल, तर ती मला जास्तच संशयास्पद वाटेल.

सूनबाईंना सांगा, वरण आज रात्रीपासून सुरू. मूत्रपिंडं अगदी थकलेल्यांना प्रथिनं मोजून द्यावी लागतात. तुमच्या टप्प्यावर रोजचं साधं वरण, उसळ, दही तोडलं तर फक्त अंगातलं बळ जाईल. बटाटा-टोमॅटो बंद करतात ते रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर. तुमचं मोजलेलंच नाही, तेव्हा आज बंद करायचं कारण नाही. कमी मात्र मीठ करा: स्वयंपाकात घातलेलं, लोणचं-पापडातलं, फरसाणातलं सगळं धरून दिवसाला चहाचा एक सपाट चमचा. पण त्यासाठी बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन आधीच पोटॅशियम थोडं धरून ठेवतं.

शेजाऱ्यांचे चार लिटर मात्र धोक्याचे आहेत. पाण्याने मूत्रपिंडं ‘धुतली’ जात नाहीत. लघवीचं औषध चालू असताना वयस्क माणसाने ढसाढसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. मग माणूस असंबद्ध बोलतो, तोल जाऊन पडतो, आणि घरच्यांना वाटतं पक्षाघात झाला. तहानेप्रमाणे प्या, उन्हाळ्यात आठ-दहा ग्लास पुरतात, लघवी फिक्या पिवळ्या रंगाची राहिली की झालं.

आता पुढची तपासणी. गोळी थांबवल्यापासून दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करा, आणि सोबत लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ही शेवटची तपासणी पॅकेजमध्ये बहुतेक नसते, वेगळी मागावी लागते, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात कामाची आहे. रक्तातला आकडा गाळणी किती गाळते ते सांगतो. गाळणीला भोक पडलंय का ते लघवी सांगते. बीपी आणि साखर मूत्रपिंडांना लागू लागली तर त्याची पहिली खूण बऱ्याचदा इथेच दिसते. लघवी सकाळची पहिली द्या. आदल्या रात्री मटण-मासळी नको, सकाळी फेऱ्या नकोत, उठल्यावर ग्लासभर पाणी प्यायचं.

क्रिएटिनिन १.१ किंवा १.२ आलं आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण ३०च्या खाली असलं, तर गुन्हेगार ती गोळी होती असं समजा, आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा बघा. १.३वरच राहिलं तर घाबरायचं नाही, पण तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासा आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या, कारण त्या वयात प्रोस्टेटमुळे लघवी अडल्यानेही असं होतं. रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, धार बारीक झाली असेल तर ते आत्ताच सांगा. १.५च्या वर गेलं, किंवा लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण ३००च्या वर आलं, तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा. पायावर सूज, दम लागणं, दिवसभरात लघवी फारच कमी होणं यांपैकी काही झालं तर तपासणीची तारीख पाहत बसू नका.

पंढरपूरला खुशाल जा. प्रवासात पाय आखडतात, म्हणून पॅरासिटॅमॉलची पट्टी घरून न्या. बसमध्ये कुणीतरी पिशवीतून ‘ही घ्या, लगेच आराम पडतो’ म्हणून गोळी पुढे करेलच, ती घेऊ नका. बाहेरच्या पाण्याने जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस घोट घोट घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की बीपीची गोळी एखाद-दुसरा दिवस थांबवायची का. अंगातलं पाणी जात असताना ती गोळी तशीच चालू राहिली तर मूत्रपिंडांना एका दिवसात मोठा दणका बसू शकतो, त्यामुळे हा फोन टाळू नका. तुमच्या डॉक्टरांचा नंबर आणि चालू औषधांची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवा. आणि दोन आठवड्यांची तपासणी निघण्याआधीच बसवा, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावरच बसमध्ये चढाल.